फेशियलने भाजलेला चेहरा आणि सलूनला लिहिलेलं पत्र : एक प्रकरण

तक्रारदार मुलुंडला राहतात आणि दादरला सोन्याच्या एका पेढीत काउंटरवर काम करतात. त्यांचं नाव देत नाही, ताईच म्हणू. सलूनही दादर पश्चिमेचं, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवरचं. त्याचंही नाव इथे येणार नाही, कारण प्रकरण आपसात मिटलं आहे आणि कोणत्याही ग्राहक आयोगाने त्यावर निकाल दिलेला नाही. ग्राहकांच्या तक्रारींचे मसुदे करून देणं हे माझं नेहमीचं काम. त्या ओघात ताईंची फाइल माझ्याकडे आली.

8 नोव्हेंबर 2025, शनिवार. मामेबहिणीचं लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं, म्हणून ताई दुपारी क्लीन-अप आणि थ्रेडिंग करून घ्यायला गेल्या. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, "लग्न आहे ना, मग क्लीन-अपने काय होणार, आमचं ग्लो फेशियल घ्या, त्यात पील येतं." 3,500 रुपये. ताई हो म्हणाल्या. पील म्हणजे त्वचेचा वरचा थर काढणारं आम्लाचं द्रावण. आधी भुवया आणि वरच्या ओठाचं थ्रेडिंग झालं, लगेच त्यावर ब्लीच लावलं, ते पुसून दुसऱ्या मुलीने छोट्या तपकिरी बाटलीतलं पाण्यासारखं द्रावण ब्रशने चेहऱ्याला लावलं, डोळ्यांवर कापसाच्या चकत्या ठेवल्या आणि ती बाहेर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली. शनिवारची गर्दी होती. चेहरा आग आग व्हायला लागल्यावर ताईंनी हाक मारली. दाराआडून उत्तर आलं, "थोडं जळतंच मॅडम, म्हणजे ते काम करतंय."

ताईंनी एका डोळ्यावरची चकती सरकवून बहिणीला व्हॉट्सअॅप केला : "चेहरा जळतोय गं, कोणी येत नाहीये." वेळ 4:52. दुसरा मेसेज 4:59 चा : "आत्ता आली." त्या मुलीने टिश्यूने द्रावण पुसलं, बर्फ चोळला आणि कोरफडीचं जेल लावलं. गालांच्या उंचवट्यावर तोपर्यंत पांढुरके चट्टे उमटले होते. "हा ग्लोच आहे, संध्याकाळपर्यंत बसेल," असं सांगून पैसे घेतले. यूपीआयची वेळ 5:31. रविवारी सकाळी वरचा ओठ आणि दोन्ही गाल तपकिरी, कोरडे, खपली धरू लागलेले होते.

या दोन मेसेजांना नंतर किती महत्त्व आलं ते पुढे येईलच.

"तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे"

भाजल्याची तक्रार आली की सलूनचं उत्तर ठरलेलं असतं : अॅलर्जी आहे, स्किन सेन्सिटिव्ह आहे, आमची चूक नाही. पत्राचा निम्मा जीव या एका वाक्याला पुरून उरण्यात जातो, म्हणून भाजणं आणि अॅलर्जी यांतला फरक पत्र लिहिणाऱ्याला कळायला हवा.

अॅलर्जी ही शरीराची प्रतिक्रिया असते. सौंदर्यप्रसाधनांची ठरावीक अॅलर्जी बहुतेक वेळा काही तासांनी, अनेकदा एक ते तीन दिवसांनी उमटते. त्यात खाज हे मोठं लक्षण असतं, आणि पुरळ किंवा सूज लावलेल्या जागेच्या बाहेरही पसरते. आम्लाने त्वचा भाजली तर काही मिनिटांतच आग होते, खाज नंतरची. जिथे द्रावण जास्त वेळ किंवा जास्त जाड थरात राहिलं, नेमकं तिथेच ती भाजते आणि कडा आखल्यासारख्या दिसतात. ताईंच्या फोटोत डोळ्यांभोवती कापसाच्या चकत्यांच्या मापाची जागा स्वच्छ सुटलेली आहे आणि तिच्या काठापासून लाली सुरू होते. वरच्या ओठावर जखम सगळ्यात खोल, कारण तिथे अर्ध्या तासात थ्रेडिंग, ब्लीच आणि पील असं तिन्ही झालं होतं. थ्रेडिंगने केसांबरोबर त्वचेचा वरचा पातळ थर थोडा खरवडला जातो, ब्लीचमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया त्याला आणखी हुळहुळं करतात. अशा त्वचेवर आम्ल लावलं की ते नेहमीपेक्षा खोल उतरतं.

बाटलीत काय होतं ते ताईंना कोणी सांगितलं नव्हतं. सलूनच्या इन्स्टाग्राम पानावर मात्र याच फेशियलच्या जाहिरातीत "ग्लायकोलिक पील" असं लिहिलेलं होतं. ग्लायकोलिक आम्ल उसापासूनही मिळतं, म्हणून ते "नॅचरल" म्हणून खपवलं जातं, पण उसातून आलं म्हणून आम्ल सौम्य होत नाही. त्याची ताकद टक्केवारी आणि पीएच या दोन गोष्टींवर ठरते. पीएच जितका कमी, तितकं ते जहाल. प्रसाधनांतल्या घटकांची सुरक्षितता तपासणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने घरगुती उत्पादनांसाठी 10 टक्क्यांपर्यंत आणि पीएच 3.5 च्या खाली नको, तर सलूनमध्ये प्रशिक्षित हातांनी थोडा वेळ लावून धुऊन टाकायच्या उत्पादनांसाठी 30 टक्क्यांपर्यंत आणि पीएच 3 च्या खाली नको, अशी मर्यादा सांगितली आहे. त्यापुढची पील त्वचारोगतज्ज्ञाच्या खुर्चीतली. आपल्याकडे ही मर्यादा सलूनवर थेट लागू होत नाही, पण टक्केवारी आणि पीएच विचारायला एक मोजपट्टी म्हणून ती उपयोगी पडते.

पील लावणारा माणूस समोरून हलत नाही, हा या कामाचा पहिला नियम. ग्लायकोलिक पील पहिल्यांदा लावताना दोन-तीन मिनिटंच ठेवतात, घड्याळ बघत, आणि लाली एकसारखी आली की किंवा त्याआधीच कुठे पांढरेपणा दिसला की लगेच खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने ते निष्प्रभ करून भरपूर गार पाण्याने धुतात. नुसतं पुसून ते जात नाही. पांढरा चट्टा म्हणजे आम्ल वरच्या थराला मारून पुढे निघाल्याची खूण. ताईंच्या चेहऱ्यावर पांढरेपणा दिसल्यावरही पाणी लागलं नाही, बर्फ लागला. भाजलेल्या त्वचेवर थेट बर्फ चोळला की इजा वाढू शकते.

अडचणीची गोष्ट

फाइल वाचताना एक ओळ दिसली. त्वचारोगतज्ज्ञांच्या केसपेपरवर "रात्री अॅडापलीन जेल, चार महिन्यांपासून" असं लिहिलेलं होतं. मुरुमांसाठी दिलेलं हे जेल त्वचेला आम्लासाठी जास्त नाजूक करतं, आणि पील करायच्या काही दिवस आधी ते थांबवायला सांगतात. ताई म्हणाल्या, "हे पत्रात नको घालायला. ते म्हणतील तुझीच चूक."

मी ते घालायचंच असं ठरवलं, आणि या प्रकरणात माझं सगळ्यात ठाम मत असेल तर ते हेच. ती ओळ केसपेपरवर आहे, केसपेपर आपण पुरावा म्हणून जोडणार आहोत, म्हणजे ती ओळ सलूनच्या हातात जाणारच. आपण लपवली तर ती त्यांचं हत्यार होते. आपणच आधी लिहिली तर ती आपली होते, कारण प्रश्न उलटा फिरतो : पील लावण्यापूर्वी "चेहऱ्याला कुठलं औषध लावता का" हे विचारणं कोणाचं काम? पील देणाऱ्या चांगल्या ठिकाणी यासाठी फॉर्म असतो. ताईंकडून कुठलाही फॉर्म भरून घेतला नव्हता. मुरुमांची साधी जेलं मुंबईत अर्ध्या कॉलेजच्या मुली लावतात. ते न विचारता आम्ल लावणं हाच निष्काळजीपणा.

पहिली चिठ्ठी, मग पत्र

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी एक मसुदा आणला होता. "तुम्ही माझ्या तोंडाची वाट लावलीत, तुमच्यासारख्यांना जेलमध्ये टाकलं पाहिजे, पाच लाख रुपये द्या नाहीतर गूगलवर सगळ्यांना सांगीन." राग खरा होता. पण यातलं शेवटचं वाक्य घातक आहे. खरा अनुभव लिहिणं हा तुमचा हक्क आहे. "पैसे द्या नाहीतर लिहीन" असं म्हटलं की तीच गोष्ट खंडणीसारखी दिसायला लागते, आणि समोरचा वकील बाकी काही न वाचता तेवढंच वाचतो. पोलिसांची धमकीही तशीच. निष्काळजीपणे दुखापत केल्याचं कलम भारतीय न्याय संहितेत आहे, पण तक्रार द्यायची असेल तर पोलीस ठाण्यात द्यावी, भरपाईच्या पत्रात ते झुलवत ठेवू नये.

पहिलं काम होतं पुरावा टिकवण्याचं. सलूनच्या रिसेप्शनवर कॅमेरा होता. अशा कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून भरपाईच्या पत्राची वाट न पाहता 11 नोव्हेंबरलाच चार ओळींचा ईमेल गेला : 8 तारखेचं दुपारी 4 ते 6 चं चित्रण, अपॉइंटमेंटची नोंद आणि वापरलेली बाटली जपून ठेवा. पैशाचा शब्दही त्यात नव्हता. त्याच दिवशी इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवला. बिलावर नुसतं "ग्लो फेशियल" होतं, पील हा शब्दच नव्हता, आणि दोन दिवसांनी ती पोस्टही गायब झाली.

फोटोंबद्दल एक सांगतो. सेल्फी कॅमेरा बऱ्याच फोनवर चेहरा आपोआप गुळगुळीत करतो. भाजलेल्या गालाचे फोटो अशाने निम्मे बरे झालेले दिसतात. मागच्या कॅमेऱ्याने, खिडकीच्या उजेडात, रोज त्याच जागी, दुसऱ्याकडून काढून घ्यावेत आणि मूळ फाइल फोनमध्ये राहू द्यावी. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली प्रत दाबली जाते आणि तारखेची मूळ माहितीही गळून पडते.

डॉक्टरांकडे ताई सोमवारी, 10 तारखेला गेल्या. त्यांनी नुसतं "त्वचादाह" न लिहिता "पील लावल्यानंतर लगेच झालेली रासायनिक भाजणी, गाल व वरचा ओठ, कडा स्पष्ट" असं नोंदवलं. हे डॉक्टरांना विचारून लिहवून घ्यावं लागतं. खाजगी फी परवडत नसेल तर शीव किंवा केईएम रुग्णालयाच्या त्वचाविभागाचा केसपेपरही तितकाच चालतो.

भरपाईचं पत्र मुद्दाम 24 नोव्हेंबरपर्यंत थांबवलं. खपल्या पडायला दहा-बारा दिवस गेले आणि खाली तपकिरी डाग दिसले. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत भाजल्यानंतर असे डाग राहणं नेहमीचं आहे, आणि ते फिके व्हायला महिने लागतात. पहिल्या आठवड्यात पत्र गेलं असतं तर या डागांच्या उपचारांचा खर्च त्यात आलाच नसता. मध्ये सलूनच्या मालकाने फोन करून 3,500 परत करायची तयारी दाखवली, सोबत "यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही" अशा कागदावर सही. ताईंनी सही केली नाही हे चांगलं झालं. पैसे नुसते यूपीआयने आले असते तर घ्यायला हरकत नव्हती, "फेशियलचा परतावा मिळाला, भरपाईचा दावा कायम" एवढा मेसेज उलट पाठवला की पुरे.

पत्र हे असं :

*दिनांक : 24 नोव्हेंबर 2025*

*प्रति,*
*मालक / व्यवस्थापक,*
*(सलूनचं नाव व पत्ता)*

*विषय : दि. 8 नोव्हेंबर 2025 रोजी केलेल्या पील फेशियलमुळे चेहऱ्यास झालेली रासायनिक भाजणी व भरपाईची मागणी*

*महोदय,*

*दि. 8 नोव्हेंबर 2025 रोजी दुपारी मी आपल्या सलूनमध्ये थ्रेडिंग व क्लीन-अपसाठी आले. आपल्या कर्मचाऱ्यांच्या सल्ल्यावरून मी "ग्लो फेशियल" घेतले व त्याचे रु. 3,500 यूपीआयने भरले (वेळ सायं. 5:31, पावती जोडली आहे). आपल्या जाहिरातीनुसार या फेशियलमध्ये ग्लायकोलिक पील असते (स्क्रीनशॉट जोडला आहे).*

*त्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर अनुक्रमे थ्रेडिंग, ब्लीच व पील एकाच बैठकीत करण्यात आले. त्यापूर्वी मला कोणतेही औषध चालू आहे का, हे विचारले गेले नाही, कोणताही फॉर्म भरून घेतला नाही व त्वचेच्या लहान भागावर चाचणी केली नाही. मी डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्री अॅडापलीन जेल लावत होते. विचारले असते तर मी तसे सांगितले असते.*

*पील लावल्यानंतर कर्मचारी खोलीतून निघून गेल्या. तीव्र आग होत असल्याचे मी हाक मारून सांगितले, तेव्हा "थोडं जळतंच" असे उत्तर मिळाले. सायं. 4:52 ला मी माझ्या बहिणीस तसा संदेश पाठवला. कर्मचारी सायं. 4:59 च्या सुमारास परत आल्या. म्हणजे आग होऊ लागल्यानंतरही किमान सात मिनिटे द्रावण माझ्या चेहऱ्यावर होते. त्यानंतर ते पाण्याने न धुता टिश्यूने पुसण्यात आले व त्यावर बर्फ चोळण्यात आला. गालांवर त्याच वेळी पांढरे चट्टे दिसत होते.*

*त्वचारोगतज्ज्ञांनी दि. 10 नोव्हेंबर रोजी तपासून रासायनिक भाजणीचे निदान केले आहे. इजा काही मिनिटांत झाली, ती द्रावण लावलेल्या भागापुरती आहे व डोळ्यांवरील कापसाखालची त्वचा सुरक्षित आहे. ही अॅलर्जी नसल्याचे यावरून दिसते. केसपेपर व छायाचित्रे जोडली आहेत.*

*वरील प्रकार ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटी आहे. त्यामुळे मला झालेल्या नुकसानीचा तपशील असा :*

*फेशियलचे शुल्क रु. 3,500*
*डॉक्टरांची तपासणी, तीन वेळा रु. 3,000*
*औषधे, मलम व सनस्क्रीन (बिले जोडली आहेत) रु. 4,260*
*आठ दिवसांची बिनपगारी रजा (पेढीचे पत्र जोडले आहे) रु. 8,000*
*डागांवरील पुढील उपचार (डॉक्टरांचा लेखी अंदाज जोडला आहे) रु. 18,000*
*शारीरिक वेदना व मनस्ताप रु. 25,000*
*एकूण रु. 61,760*

*तसेच वापरलेल्या पीलचे नाव, उत्पादक, टक्केवारी, पीएच, बॅच क्रमांक व मुदत संपण्याची तारीख, ते लावणाऱ्या कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणाचा तपशील आणि माझ्या दि. 11 नोव्हेंबरच्या ईमेलमध्ये मागितलेले चित्रण व नोंदी जपून ठेवल्याची लेखी खात्री द्यावी.*

*हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत वरील रक्कम व माहिती मिळावी. तसे न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. मला हा विषय आपसात मिटवायला आवडेल व त्यासाठी मी भेटीस तयार आहे.*

*आपली,*
*(सही, नाव, पत्ता, दूरध्वनी)*

पत्र सलूनच्या नावाने असलं तरी ते लिहिताना डोळ्यांसमोर तिसरा वाचक ठेवला होता : उद्या हे प्रकरण गेलंच तर आयोगाचे सदस्य, ज्यांना ताई कोण, सलून कुठलं, काहीच माहीत नसेल. म्हणून "मरणाची आग" नाही, 4:52 आणि 4:59 आहे. ब्रश फिरवणाऱ्या मुलीचं नाव किंवा तिच्याबद्दल वाईट शब्दही नाही. तिला सहा गिऱ्हाइकं एकदम सांभाळायला लावणारा मालक जबाबदार आहे, ती मुलगी नाही.

"किमान सात मिनिटे" हा शब्दप्रयोगही तोलून घेतला. ताईंच्या अंदाजाने द्रावण पंधरा मिनिटं होतं. असेलही. पण सिद्ध होतात ती सातच, आणि दोन-तीन मिनिटांच्या पीलसाठी सात पुरेशी आहेत.

पाच लाखांवरून 61,760 वर यायला ताईंना जड गेलं. त्यांना समजावताना मी एवढंच विचारलं की पाच लाखांतला प्रत्येक रुपया कुठून आला हे तुम्ही सांगू शकाल का. मनस्तापाचे 25,000 सोडले तर पत्रातल्या प्रत्येक आकड्यामागे कागद आहे, आणि मनस्तापाची रक्कमही बाकी खर्चाला शोभेल अशी आहे. पगाराचा हिशोब पेढीने लिहून दिला : महिना 26,000, कामाचे दिवस 26, आठ दिवस बिनपगारी. चेहऱ्यावर खपल्या असताना काउंटरवर उभं राहता येत नव्हतं, हेही त्यांच्या शेठने त्याच पत्रात लिहिलं. ती ओळ सोन्यासारखी होती.

पुढे काय झालं

पत्र ईमेलने गेलं आणि स्पीड पोस्टानेही, पोचपावतीसह. जुनं रजिस्टर पोस्ट सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे पोस्टात "रजिस्टर एडी द्या" म्हटलं तर आता तिथला माणूस स्पीड पोस्टाचाच फॉर्म पुढे करतो. पोचपावती वेगळी मागावी लागते.

उत्तर तेराव्या दिवशी आलं. "आमची सर्व उत्पादनं हर्बल आहेत, आपली त्वचा संवेदनशील असल्याने असे झाले असावे, सदिच्छा म्हणून तीन मोफत सिटिंग देऊ." टक्केवारी नाही, बॅच नाही, चित्रणाबद्दल अक्षर नाही. मला हे उत्तर उपयोगाचं वाटलं, कारण त्यांनी फेशियल केल्याचं नाकारलं नव्हतं आणि विचारलेली माहिती लेखी मागूनही दिली नव्हती. उत्पादन खरंच सौम्य होतं तर बाटलीचा फोटो पाठवायला दोन मिनिटं लागतात.

त्यावर ताईंनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन तक्रार पुढे पाठवते, निकाल देत नाही. छोट्या सलूनकडून तिला प्रतिसाद मिळेलच असं नाही, आणि इथेही मिळाला नाही. मग आयोगाकडे जायचा मसुदा तयार केला आणि त्याची प्रत सलूनला पाठवली. आयोगाच्या वाटेबद्दल लोकांचे गैरसमज खूप आहेत. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे मुलुंडच्या ताईंना मुंबई उपनगर जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता आलं असतं, सलून दादरला असूनही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. शुल्क सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि पाच लाखांपर्यंत ते शून्य आहे. इथे मोजलेली रक्कम 3,500 होती. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येते, वकील लागतोच असंही नाही. निकालाला लागणारा वेळ ही मात्र खरी अडचण, आणि ती ताईंपासून लपवली नाही.

मसुदा पोचल्यावर चार दिवसांनी मालकाचा फोन आला. भेट सलूनमध्ये नको, असं ताईंनी सांगितलं. दादरच्याच एका उडप्याकडे बसलो, मालक, त्यांचा मेहुणा, ताई, ताईंची बहीण आणि मी. मालकाचा सूर बदललेला होता. "ताई, माझ्या मुलीसारख्या आहात तुम्ही, पण आठ माणसांचे पगार आहेत." त्यांचा मुख्य मुद्दा अॅडापलीनचाच होता. पत्रात ते आधीच लिहिलेलं असल्याने त्यावर फार वेळ गेला नाही. बहिणीने विचारलं, "तुम्ही विचारलं होतं का?" आणि तो विषय संपला. बाटली दाखवायची तयारी त्यांनी शेवटपर्यंत दाखवली नाही.

कागदपत्रांवर उभा असलेला खर्च, म्हणजे 36,760 रुपये, त्यांनी मान्य केला. मनस्तापाच्या रकमेवर घासाघीस झाली आणि 10,000 वर थांबली. एकूण 46,760. ताईंना यापेक्षा जास्त मिळालं असतं का? आयोगात कदाचित. पण डागांचे उपचार जानेवारीत सुरू करायचे होते आणि पैसे तेव्हाच हवे होते. तो निर्णय त्यांचा, आणि मला तो पटला.

समझोत्याच्या कागदावर मी दोन गोष्टी आग्रहाने घालायला लावल्या. पहिली, रक्कम दोन हप्त्यांत असल्याने "दुसरा हप्ता ठरल्या तारखेला न मिळाल्यास हा समझोता रद्द होऊन मूळ मागणी कायम राहील." दुसरी, "तक्रार मागे घेत आहे" हे वाक्य पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यानंतरच लागू होईल. मालकाने तिसरी एक ओळ घातली होती, ताई या अनुभवाबद्दल कुठेही काही लिहिणार नाहीत अशी. ती खोडून "सलूनचे नाव घेऊन लिहिणार नाही" एवढीच ठेवली. पहिला हप्ता त्याच संध्याकाळी आला. दुसऱ्याला नऊ दिवस उशीर झाला, रद्द होण्याच्या कलमाची मेसेजमधून आठवण करून दिल्यावर तोही आला.